ड्युएटचे बटण आणि त्यापलीकडची परवानगी: एका क्लिपचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणात तीन व्यक्ती आहेत: एक गायक, एक व्हायोलिनवादक आणि एक कवयित्री. तिघांच्या संमतीनेच ते येथे मांडले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले असले, तरी घटनांचा क्रम आणि करारातील अटी मूळच्याच ठेवल्या आहेत. व्हायोलिनवादक सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात एका कंपनीच्या कराराचा मसुदा होता आणि त्यावर सही करावी की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मात्र सगळे प्रकरण पहिल्या क्लिपपासून उलगडावे लागले.

गायकांनी 38 सेकंदांची उभी क्लिप प्रसिद्ध केली होती. तीत वाद्य नव्हते आणि अ‍ॅपच्या संगीतसंग्रहातून घेतलेले पार्श्वसंगीतही नव्हते. एका कवितेच्या चार ओळींना त्यांनी स्वतः चाल लावली होती आणि त्या ओळी ते कॅमेऱ्यासमोर गात होते. कॅप्शनमध्ये कवयित्रीचे नाव दिलेले होते. त्यांचे खाते सार्वजनिक होते आणि ड्युएट व डाउनलोड या दोन्ही सोयी सर्वांसाठी खुल्या होत्या. त्या त्यांनी विचारपूर्वक खुल्या केल्या होत्या असे नाही. खाते उघडताना जी सेटिंग्ज होती तीच पुढे राहिली होती. पुढचा वाद समजून घेताना ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

व्हायोलिनवादकांनी या क्लिपवर ड्युएट केले. टिकटॉकवरील ड्युएट, इन्स्टाग्रामवर 2021 मध्ये आलेले रीमिक्स आणि यूट्यूब शॉर्ट्समधील तशाच सोयी यांची मूळ कल्पना एकच आहे. पडद्याच्या एका भागात मूळ क्लिप चालते, दुसऱ्या भागात नवी व्यक्ती दिसते आणि दोघांचे आवाज मिसळून एकच फाइल तयार होते. वायरलेस हेडफोनमध्ये मूळ आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि वाजवणारा तालाच्या मागे पडतो, म्हणून त्यांनी वायरचा हेडफोन वापरला होता. त्यांनी गाण्याची चाल व्हायोलिनवर वाजवली नाही. गायक जेथे श्वास घेतो आणि जेथे स्वर लांबवतो, त्या जागा भरणारी स्वतंत्र सुरावट त्यांनी रचली. त्या वेळी हा केवळ सौंदर्यदृष्टीचा निर्णय होता, पण पुढे तोच त्यांच्या उपयोगी पडला.

अ‍ॅपने कॅप्शनमध्ये `#duet with @` आणि त्यापुढे गायकांचे हँडल आपोआप घातले. ड्युएट चांगलेच पसरले. गायकांनी त्याखाली कौतुकाची टिप्पणी केली आणि आपल्या फॉलोअर्सनाही ते दाखवले. येथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती आणि तक्रारीला जागाही नव्हती.

अडचण कशी उभी राहिली

ड्युएटला प्रतिसाद वाढला तसा व्हायोलिनवादकांनी तो व्हिडिओ फोनवर उतरवून घेतला आणि आणखी दोन अ‍ॅपवर, तसेच स्वतःच्या संकेतस्थळावर चढवला. उतरवलेल्या फाइलवर पहिल्या अ‍ॅपचे बोधचिन्ह होते. दुसऱ्या अ‍ॅपवर असे चिन्ह असलेले व्हिडिओ कमी लोकांना दाखवले जातात, असे त्यांनी ऐकले होते. म्हणून त्यांनी चौकटीच्या कडा कापल्या. त्या कापण्यात गायकांचे हँडलही गेले. नव्या ठिकाणी कॅप्शन नव्याने लिहावे लागले. एका ठिकाणी त्यांनी गायकांचे नाव लिहिले, दुसऱ्या ठिकाणी 'एका सुंदर आवाजासोबत' एवढेच लिहिले आणि संकेतस्थळावर तेही राहून गेले. कवयित्रीचे नाव तर तिन्ही ठिकाणी नव्हते.

यात लबाडी होती असे मला वाटत नाही. पहिल्या अ‍ॅपवर श्रेय देण्याचे काम यंत्रणेनेच केले होते. त्यामुळे श्रेय व्हिडिओतच कोठेतरी आहे आणि तो जाईल तेथे तेही जाईल, असा त्यांचा समज झाला होता. प्रत्यक्षात ते श्रेय व्हिडिओत नव्हते, तर त्या अ‍ॅपच्या पानावर होते. फाइल बाहेर पडली आणि हँडल, मूळ क्लिपची लिंक, कॅप्शन हे सगळे मागे राहिले.

याच सुमारास व्हायोलिनच्या तारा तयार करणाऱ्या एका कंपनीने त्या व्हिडिओतील 20 सेकंद जाहिरातीत वापरण्याची इच्छा व्यक्त केली आणि कराराचा मसुदा पाठवला. त्यात दोन कलमे जड होती. पहिल्यात वापर 'जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' मागितला होता. दुसऱ्यात व्हायोलिनवादकांनी अशी हमी द्यायची होती, की व्हिडिओतील सर्व हक्क त्यांचे आहेत किंवा त्यांनी ते रीतसर मिळवले आहेत. आणि ही हमी खोटी ठरल्यास कंपनीचे होणारे नुकसान त्यांनी भरून द्यायचे होते. मसुदा हाती घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

त्यानंतर तीनच दिवसांत दुसरी बातमी आली. गायकांना एका फॉलोअरकडून दुसऱ्या अ‍ॅपवरील नाव नसलेला व्हिडिओ कळला होता. त्यांनी तेथे कॉपीराइटभंगाची नोटीस दाखल केली, व्हिडिओ काढला गेला आणि व्हायोलिनवादकांच्या खात्यावर एक स्ट्राइक लागला. अशा स्ट्राइककडे हलके पाहता येत नाही. उदाहरणार्थ, यूट्यूबवर तो साधारणपणे 90 दिवस राहतो आणि त्या मुदतीत असे तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकते.

परवानगी नेमकी कशाला होती

"त्यांनीच तर ड्युएट खुले ठेवले होते," हे व्हायोलिनवादकांचे पहिले वाक्य होते, आणि ते खरेही होते. सार्वजनिक क्लिपवर ड्युएट खुले असेल आणि कोणी अ‍ॅपच्या त्याच सोयीने नवा व्हिडिओ केला, तर त्यासाठी स्वतंत्र परवानगी मागायची गरज सहसा नसते. अ‍ॅपच्या अटी स्वीकारताना प्रत्येक खातेदार अ‍ॅपला आणि बहुतेक ठिकाणी इतर वापरकर्त्यांनाही मर्यादित परवाना देत असतो.

मर्यादित हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. यूट्यूबच्या अटींत हे फार स्पष्टपणे लिहिलेले आहे. एका वापरकर्त्याचा आशय दुसऱ्याला वापरता येतो, त्यावरून नवे कामही करता येते, पण त्या सेवेतील सोयींमधून जेवढे शक्य होते तेवढेच. सेवेच्या बाहेर तो आशय वापरण्याचा कोणताही हक्क त्यातून मिळत नाही. इतर अ‍ॅपच्या अटींची भाषा वेगळी असते आणि वेळोवेळी बदलते, म्हणून ज्या अ‍ॅपचा प्रश्न असेल त्याच्याच अटी वाचाव्या लागतात. या प्रकरणातील अ‍ॅपच्या अटी वाचल्यावर निष्कर्ष तोच निघाला: ड्युएटला परवानगी होती, ते उतरवून दुसरीकडे चढवायला नव्हती आणि जाहिरातीत विकायला तर मुळीच नव्हती.

डाउनलोडचे बटण खुले होते, त्याचे काय, असा पुढचा प्रश्न आला. फाइल फोनवर घेता येणे आणि ती पुन्हा प्रसिद्ध करण्याचा हक्क असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिवाय ज्या सेटिंगला गायकांनी कधी हातही लावला नव्हता, त्यावरून त्यांनी जाहिरातीला मूकसंमती दिली असा अर्थ कोणी काढू पाहील, तर तो टिकणे अवघड आहे.

मग व्हिडिओत कोणाचे काय होते? व्हायोलिनची सुरावट आणि तिचे ध्वनिमुद्रण व्हायोलिनवादकांचे. चाल, गायन आणि मूळ चित्रण गायकांचे. शब्द कवयित्रीचे. येथे मला थांबावे लागले, कारण गायकांनी चाल लावण्यापूर्वी कवयित्रीला विचारले होते की नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. कॅप्शनमध्ये त्यांचे नाव होते, परंतु नाव देण्याने परवानगी मिळत नाही. गायकांकडे शब्दांचा परवाना नसेल, तर ते तो पुढे कोणाला देऊ शकत नव्हते. आणि त्यांच्या ड्युएटच्या सेटिंगमधून तर तो व्हायोलिनवादकांपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते.

ड्युएटच्या साखळीत हा धोका दडलेला असतो. पहिल्या क्लिपमध्ये जो हक्क मिळवलेला नाही, तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्लिपमध्येही नसतो. पडद्यावर मात्र फक्त लगतच्या आधीच्या व्यक्तीचे हँडल दिसते. त्यामुळे तिची परवानगी मिळाली की काम झाले, असा समज सहज होतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नोटिशीला आव्हान देण्याचा होता. अमेरिकी कायद्यानुसार चालणाऱ्या अ‍ॅपवर प्रतिनोटीस देता येते. तक्रारदाराने न्यायालयात दावा दाखल केला नाही, तर प्रतिनोटीस मिळाल्यापासून 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत व्हिडिओ पूर्ववत करण्याची तरतूद आहे. पण प्रतिनोटिशीत शपथेवर सांगावे लागते, की व्हिडिओ चुकीने किंवा चुकीच्या ओळखीमुळे काढला गेला असे आपण प्रामाणिकपणे मानतो. शिवाय न्यायालयाचे अधिकारक्षेत्रही मान्य करावे लागते. व्हायोलिनवादकांना असे प्रामाणिकपणे म्हणता आले असते का?

त्यांच्या एका मित्राने त्यांना सांगितले होते, की प्रतिक्रिया देणारे व्हिडिओ न्यायालयाने वैध ठरवलेले आहेत. त्याचा रोख 2017 मधील हुसैनजादे विरुद्ध क्लाइन या अमेरिकी खटल्याकडे असावा. तो निकाल खरा आहे, पण त्यातील व्हिडिओ कसा होता हे पाहायला हवे. सुमारे 14 मिनिटांच्या त्या व्हिडिओत 5 मिनिटे 24 सेकंदांच्या मूळ चित्रफितीतील 3 मिनिटे 15 सेकंद वापरलेले होते. मात्र ते छोट्या तुकड्यांत, आणि त्या तुकड्यांच्या मध्ये मूळ चित्रफितीवरची दीर्घ टीका होती. सर्वच प्रतिक्रिया-व्हिडिओंना हे संरक्षण मिळेल असे नाही, हेही न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केले. काही तर टिप्पणीशिवाय एकत्र बसून पाहण्यासारखे असतात, असा उल्लेख त्यात आहे. आमच्या व्हिडिओत गायकांची क्लिप पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत अखंड होती, तिच्यावर टीका किंवा परीक्षण नव्हते आणि ती जाहिरातीकडे चालली होती. त्यावर सुरेल भर घातली होती, हे मान्य. पण भर घालणे आणि समीक्षा करणे यांत कायदा फरक करतो. आणि जेथे समीक्षा, वृत्तांकन अशा ठरावीक हेतूंनाच सूट आहे, त्या देशांत तर ही बाजू आणखी लंगडी पडली असती. हा पर्याय आम्ही सोडला.

दुसरा पर्याय सगळीकडून व्हिडिओ काढून टाकून गप्प बसण्याचा होता. तो सुरक्षित होता, पण त्यात कंपनीचा प्रस्ताव गेला असता आणि गायकांशी संबंधही तुटले असते.

तिसरा पर्याय फक्त व्हायोलिनचा भाग नव्याने ध्वनिमुद्रित करून कंपनीला देण्याचा होता. सुरावट स्वतंत्र असल्यामुळे त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी चालच वाजवली असती, तर ही वाटही बंद झाली असती. मात्र अडचण कलेची होती: श्वासाच्या जागा भरणारी सुरावट एकटी ऐकली की अर्धवट वाटते. ड्युएटच्या फाइलमधून गळा वगळून व्हायोलिन वेगळे काढण्याचा प्रयत्नही झाला; आवाज इतके एकजीव झाले होते, की निघालेला भाग जाहिरातीच्या दर्जाचा नव्हता.

चौथा पर्याय गायकांशी बोलून रीतसर परवानगी घेण्याचा आणि गरज पडल्यास कवयित्रीपर्यंत जाण्याचा होता. वेळ लागणार होता आणि नकार मिळण्याची शक्यता होती. तरीही आम्ही तोच निवडला. तो फसला असता तर तिसरा हाताशी होताच.

प्रत्यक्ष केलेली कृती

पहिल्यांदा कंपनीला कळवले, की हक्कांची खातरजमा चालू आहे आणि तोपर्यंत सही होणार नाही. व्हायोलिनवादकांना भीती होती, की कंपनी माघार घेईल. तसे झाले नाही. हमीचे कलम घालणाऱ्या कंपनीलाही नंतर वाद नकोच असतो.

मग उरलेल्या अ‍ॅपवरील आणि संकेतस्थळावरील प्रती काढल्या. पहिल्या अ‍ॅपवरील मूळ ड्युएट तेवढे ठेवले, कारण ते परवानगीच्या कक्षेत होते. प्रती आधी काढायच्या की संदेश आधी पाठवायचा, यावर थोडी चर्चा झाली. परवानगी मागताना विनापरवाना प्रती चालूच असतील, तर त्या मागण्याला दबावाचा वास येतो. म्हणून आधी काढणेच मला योग्य वाटले.

गायकांना पाठवलेला संदेश असा होता:

"सर, तुमच्या क्लिपवरचे माझे ड्युएट मी तुम्हाला न विचारता अन्य दोन अ‍ॅपवर आणि माझ्या संकेतस्थळावर टाकले होते. काही ठिकाणी तुमचे नावही नव्हते. त्या सर्व प्रती आज काढल्या आहेत. एका कंपनीला यातील 20 सेकंद जाहिरातीसाठी हवे आहेत. तुमच्या लेखी संमतीशिवाय आणि मोबदल्यातील तुमच्या वाट्याशिवाय मी ते देणार नाही. चाल तुमचीच आहे का, आणि कवितेच्या ओळींसाठी परवानगी घेतली होती का, हेही कृपया सांगावे. तुमचा नकार असेल तर तोही मला मान्य आहे."

या संदेशातील नेमकेपणा जाणूनबुजून ठेवला होता. 'तुमची क्लिप वापरली तर चालेल ना?' असे विचारून 'हो' मिळवता येते, पण ते 'हो' कोणत्या भागाला, कोणत्या अ‍ॅपवर, किती काळासाठी आणि पैसे घेऊन की न घेता, हे त्यातून कळत नाही. नंतरचे बहुतेक वाद अशा मोघम होकारांतून निघतात.

गायकांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यांचा राग पैशांमुळे नव्हता. आपला आवाज ऐकणाऱ्या हजारो लोकांना तो कोणाचा हे कळले नाही, याचे त्यांना वाईट वाटले होते. अन्य अ‍ॅपवर श्रेयासह प्रसिद्धीला त्यांनी संमती दिली, नोटीस मागे घेतली आणि काही दिवसांत स्ट्राइक हटला. चाल त्यांचीच होती. कवितेबाबत मात्र त्यांनी सरळ लिहिले, की विचारायचे राहून गेले आणि आता विचारायला संकोच वाटतो.

येथे प्रकरणाचा तोल बदलला, कारण आता परवानगी मागणाऱ्यांच्या रांगेत गायकही उभे होते. दोघांनी मिळून कवयित्रीच्या प्रकाशकांमार्फत पत्र पाठवले. अशा वेळी हक्क कवीकडे आहेत की करारान्वये प्रकाशकाकडे गेले आहेत, हे बाहेरून कळत नाही, म्हणून दोघांनाही उद्देशून लिहिणे बरे. कविता काही दशकांपूर्वीची होती आणि 'जुनी आहे, चालते' असे कोणीतरी म्हणालेही होते. पण कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार साहित्यकृतीला लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान 50 वर्षे संरक्षण असते, आणि कित्येक देशांत त्याहून अधिक. येथे तर कवयित्री हयात होत्या.

त्यांनी दोन भागांत उत्तर दिले. गाणे आणि ड्युएट नावासह, पैसे न घेता प्रसिद्ध राहायला त्यांची हरकत नव्हती. चाल त्यांना आवडलीही होती. जाहिरातीला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. आपल्या ओळी वस्तू विकण्यासाठी लिहिलेल्या नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. कोणी वाद घातला असता तरी त्याचा उपयोग नव्हता. आर्थिक हक्क त्यांचे होतेच. त्याखेरीज आपले नाव लावले जावे आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड होऊ नये, हा लेखकाचा नैतिक हक्क बर्न करारात 1928 पासून मान्य आहे.

मार्ग गायकांनी सुचवला. चाल त्यांची होती आणि शब्दांशिवाय ती स्वतंत्र उभी राहत होती. त्यांनी तीच चाल फक्त आकारात गायची, व्हायोलिनवादकांनी आपली सुरावट तिच्यासोबत पुन्हा वाजवायची आणि दोन्ही आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे, असे ठरले. ड्युएटची जुनी फाइल जाहिरातीसाठी पूर्णपणे बाजूला ठेवली. ही योजना कवयित्रींनाही कळवली. कायद्याने ते आवश्यक नव्हते. पण उद्या त्यांनी जाहिरातीत ती ओळखीची चाल ऐकली असती, तर दिलेला नकार पाळला नाही असे त्यांना वाटले असते.

निष्पत्ती

कंपनीने नवे ध्वनिमुद्रण स्वीकारले. करारात वापर 6 महिन्यांपुरता आणि नाव घेतलेल्या दोन अ‍ॅपपुरता ठरला. मुदतवाढीसाठी नव्याने बोलायचे होते. हमीचे कलम राहिले, पण गायक आणि व्हायोलिनवादक या दोघांनी आपापल्या भागापुरतीच हमी दिली. मोबदला दोघांत समान वाटला गेला. यात व्हायोलिनवादकांना पहिल्या प्रस्तावापेक्षा कमी रक्कम मिळाली, हे सांगितले पाहिजे. मात्र ती पहिली रक्कम ज्या हमीवर आधारलेली होती, ती हमी त्या देऊच शकत नव्हत्या.

मूळ ड्युएट सर्व अ‍ॅपवर पुन्हा आले, या वेळी नव्या श्रेयनिर्देशासह. अ‍ॅपची बटणे आणि मजकूर चौकटीचा खालचा भाग झाकतात, म्हणून नावे वरच्या भागात आणि क्लिपच्या पूर्ण लांबीभर ठेवली: कविता कोणाची, चाल व स्वर कोणाचा, व्हायोलिन कोणाचे. कॅप्शनमध्येही तीच नावे पहिल्याच ओळीत आली, कारण पुढचा मजकूर बहुधा 'आणखी पाहा'मागे जातो. चौकट कापली तरी नावे जाऊ नयेत, म्हणून ती कडेला न ठेवता दोन चित्रांमधल्या पट्टीवर लिहिली. संकेतस्थळावर कवितासंग्रहाचे नाव आणि गायकांच्या मूळ क्लिपची लिंक घातली.

या ड्युएटवर एका तबलावादकाने आधीच तिसरे ड्युएट केलेले होते. ते त्याच अ‍ॅपवर होते आणि बाहेर गेलेले नव्हते, म्हणून ते तसेच राहू दिले; फक्त कॅप्शनमध्ये तिघांची नावे घालण्याची विनंती केली आणि ती त्यांनी लगेच मान्य केली.

वेगळे काय करता आले असते

व्हायोलिनवादकांच्या बाजूने पाहिले, तर निर्णायक क्षण फाइल उतरवून घेण्याचा होता. ड्युएट करताना त्यांनी विचारले नाही ते बरोबरच होते, पण फाइल अ‍ॅपबाहेर नेताना एक संदेश पाठवला असता, तर नोटीस आणि स्ट्राइक दोन्ही टळले असते. त्या वेळी गायक प्रसन्न होते आणि परवानगी मिळण्याची शक्यता पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. दुसरी सुधारणा तांत्रिक आहे. ड्युएट करतानाच स्वतःचे वादन वेगळ्या रेकॉर्डरवर घेतले, तर स्वतःचा भाग स्वच्छ हाती राहतो आणि मिसळलेली फाइल सोडवत बसावे लागत नाही. ही सवय त्यांनी आता लावून घेतली आहे.

गायकांनी थेट नोटीस दिली, आधी संदेश पाठवला नाही, याबद्दल व्हायोलिनवादकांच्या मनात थोडी नाराजी राहिली. मला गायकांचे वागणे गैर वाटत नाही. नाव पुसलेला व्हिडिओ समोर आल्यावर समोरची व्यक्ती प्रामाणिक आहे, असे गृहीत धरण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. मात्र नोटीस देताना त्यांनी आपल्या बाजूचा कच्चा दुवा, म्हणजे कवितेची परवानगी, लक्षात घेतला नव्हता. प्रकरण ताणले गेले असते, तर तोच प्रश्न त्यांच्यावर उलटला असता. ड्युएट खुले ठेवायचे असेल, तर कॅप्शनमध्ये 'ड्युएट जरूर करा, बाहेर वापरायचे असल्यास विचारा' एवढे एक वाक्य पुरते. त्याला करारासारखे वजन नसले, तरी पुढच्या व्यक्तीला अपेक्षा कळते.

मूळ क्लिपमध्ये अ‍ॅपच्या संग्रहातील एखादे प्रसिद्ध गाणे असते, तर काय झाले असते, हेही आम्ही तपासून पाहिले. वैयक्तिक खात्यांसाठी उपलब्ध असलेली गाणी जाहिरातीसाठी खुली नसतात; व्यावसायिक वापरासाठी वेगळा, बराच लहान संग्रह असतो. त्या स्थितीत संगीत कंपनी आणि संगीतप्रकाशक यांचे स्वतंत्र परवाने लागले असते आणि तारा बनवणारी ती कंपनी त्या खर्चात पडली नसती. ड्युएट अ‍ॅपवर तसेच राहिले असते आणि जाहिरातीसाठी फक्त एकट्या व्हायोलिनचा पर्याय उरला असता.

कराराची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी कंपनीने वाढ मागितली आहे आणि या वेळी तिला तिसऱ्या अ‍ॅपवरही जाहिरात द्यायची आहे. दोघांनी संमती दिली आहे. वाढीव मोबदल्याचा आकडा अजून ठरायचा आहे.